उच्चार आपण बदलायचा की असिस्टंटने शिकायचं?

निशाचर: फोनमधल्या व्हॉइस असिस्टंटशी आपल्या वळणाच्या इंग्रजीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून बोललं की तो चुकतो. माझं मत, जुळवून घ्यायची जबाबदारी त्याची. तुमचं?

खटपट्या: त्याचीच. आणि उपाय सोपा आहे: आपल्यासारख्यांचा भरपूर आवाज गोळा करून त्याला ऐकवायचा. उच्चारही सुटेल, मिसळणंही.

मिताक्षरी: उच्चाराचं बऱ्याच अंशी पटतं. आपण v आणि w दोन्हीला ‘व’ म्हणतो. लांब वाक्यात मागच्यापुढच्या शब्दांवरून तो सावरतो, दोन शब्दांच्या हुकमात त्याला तो आधार नसतो. मिसळण्याचं दुखणं मात्र वेगळं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारख्या आवाजांच्या संग्रहात लोक मुख्यतः समोर दिलेली वाक्यं वाचतात. वाचताना कोण भाषा मिसळतो?

‘हॉल लाइट ऑफ कर’ घ्या. दोन भाषा चालू ठेवल्या तरी बरेच असिस्टंट अख्ख्या वाक्याला एकच भाषा ठरवतात. इंग्रजी ठरली तर ‘ऑफ कर’चं of car होऊ शकतं. मराठी ठरली तर वाक्य अचूक उतरू शकतं, पण ‘हॉल लाइट’ बहुधा देवनागरीत. दिव्याची नोंद `Hall Light` अशी असेल आणि जुळवणी अक्षरं बघून होत असेल, तर दिवा सापडत नाही. ऐकण्यात चूक नाही, तरी आपण उच्चाराला दोष देतो.

साधीसुधी: माझा तर मराठी बातम्या वाचताना ‘ळ’चा ‘ल’ करतो. त्याला काही सेटिंग आहे का?

मिताक्षरी: ते त्याचं बोलणं झालं, इथे ऐकण्याचं चाललंय. ती यंत्रणा सहसा वेगळीच असते.

एकमार्गी: मी निशाचरच्या विरुद्ध. भाषा आपोआप बदलणं हाच ताप आहे. नुसतं ‘हो’ किंवा ‘नो’ म्हटलं तर एवढ्याशा आवाजावरून तो भाषा कशी ओळखणार? इंग्रजीत चाललेलं बोलणं अचानक तिसरीकडे जातं. मी एकच भाषा कायम करून ठेवलीय, त्रास नाही.

मिताक्षरी: एका शब्दाच्या उत्तराबाबत मान्य, तिथे आधीची भाषा धरून ठेवणंच बरं. पण त्यासाठी सगळ्यांनी एका भाषेत का अडकायचं?

निशाचर: मग माझं नक्की कुठे बिघडतंय, हे कसं ओळखू?

मिताक्षरी: ॲपमध्ये बोलण्याची नोंद दिसत असेल तर बघ. शब्दच भलते उतरलेत तर दोष ऐकण्यात: उच्चार, गोंगाट किंवा भाषेची निवड. शब्द बरोबर असूनही काम झालं नाही, तर आधी नावांची जुळवणी तपास. दिव्याला दुसरं नाव देता येत असेल तर देवनागरीत ‘हॉल लाइट’ देऊन पाहा.

खटपट्या: म्हणजे आवाज कितीही गोळा केला तरी हा दिवा विझणार नव्हता. तरी माझं म्हणणं सोडत नाही. मिसळलेल्या गप्पाच गोळा करा की!

एकमार्गी: आणि तोवर प्रत्येक दिव्याचं दोन लिप्यांत बारसं मीच करायचं? त्यापेक्षा मी ‘टर्न ऑफ’ म्हणेन.