भरतीचं पाणी डीईएमवर चढवून मोजलेली घरं: वॉर्डात दाखवायची की नाही?

खाडीपलीकडचा
वाशी-कोपरखैरणे पट्ट्याचा कोपर्निकस डीईएम, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनाची उंची देणारा उपग्रहाचा नकाशा, उतरवून घेतला, क्यूजीआयएसमध्ये पाणी अर्ध्या-अर्ध्या मीटरने चढवलं आणि प्रत्येक पातळीला किती इमारती बुडतात ते मोजलं. इमारतींचे आकार ओपनस्ट्रीटमॅपचे. पेपरात ४.८ मीटरच्या भरतीचा इशारा येतो, त्या पातळीला तर सेक्टरच्या सेक्टर निळे होतात. पावसाळ्याआधी हा नकाशा आकड्यांसकट वॉर्ड ऑफिसला आणि सोसायट्यांना द्यावा असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

जरीब
देऊ नका. या आकड्यांसकट तर नकोच.

आधी त्या ४.८ चं बघू. भरतीच्या तक्त्यातले मीटर सरासरी समुद्रपातळीपासून मोजत नाहीत, चार्ट डेटमपासून मोजतात. ते शून्य अगदी खोल ओहोटीच्या आसपास धरलेलं असतं, आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. कोपर्निकसचं शून्य जिऑइडचं, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या जवळपासचं. तेव्हा पेपरातली ४.८ तुमच्या रास्टरवर २.३ च्या आसपास उतरते. वरचं अडीच मीटर पाणी तुम्ही पदरचं ओतलंय.

पडताळा घरबसल्या घेता येतो. साडेचारच्या वरचं उधाण कोरड्या महिन्यांतही येतं. तुमचा नकाशा खरा असता तर मार्चच्या भर उन्हात वाशीत होड्या फिरल्या असत्या.

नोडवासी
जरीब, शून्याचा मुद्दा मान्य. पण एवढ्यावरून नकाशाच टाकून द्यायचा? ४.८ च्या जागी २.३ घातलं की झालं. वॉर्ड ऑफिसात बसलेल्या माणसाला डेटम-बिटम कळत नाही, त्याला चित्र लागतं. कुठला सेक्टर सखल आणि कुठला उंच एवढं जरी कळलं तरी पंप कुठे ठेवायचे ते ठरवता येतं. अचूक आकडा मिळेपर्यंत गप्प बसायचं म्हटलं तर आपण कायमचे गप्पच बसू.

क्यूजी_पोरगा
दोन सुधारणा सुचवतो. एक, डीईएम ५ मीटरवर रिसॅम्पल करा, कडा छान येतात. दोन, `"dem@1" <= 2.3` असं नुसतं रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं की खाडीशी संबंध नसलेले खड्डेही निळे होतात. त्याऐवजी ग्रासचं `r.lake` वापरा. खाडीतला एक बिंदू द्यायचा, पाणी तिथून जिथे पोचेल तेवढंच भरतं.

```
r.lake elevation=dem water_level=2.3 lake=pur coordinates=x,y
```

x,y च्या जागी खाडीतल्या बिंदूचे निर्देशांक टाकायचे. डीईएम आधी EPSG:32643 मध्ये आणून घ्या. काम फत्ते.

तळमजला
मी कोपरखैरण्यात रो-हाउसमध्ये राहतो, तळमजला. या नकाशात माझं घर निळं असेल तर विकून टाकू का? आणि इन्शुरन्सवाले हा नकाशा मानतात का? कृपया सेक्टरनिहाय यादी टाका.

जरीब
तळमजला, या नकाशावरून घर विकू नका आणि घेऊही नका.

पोरग्या, `r.lake` चा विचार बरोबर आहे. रिसॅम्पलचा मात्र नाही. ३० मीटरच्या एका चौकोनाचे छत्तीस तुकडे केलेस, नवी उंची एकही मोजली नाहीस. कडा गुळगुळीत होते आणि बघणाऱ्याला वाटतं की मोजणी बारीक आहे. नुकसान झालं तर ते उलट तिथेच.

आता `r.lake` आपल्या खाडीवर चालवून बघ आणि पातळी वाढवताना बुडलेल्या इमारतींचा आलेख काढ. बराच वेळ काहीच हलत नाही, मग एका टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो. जमीन अशी वागत नाही. हळूहळू चढणाऱ्या भरावावर आकडाही हळूहळू वाढायला हवा. म्हणजे मध्ये कुठेतरी भिंत आहे, पाणी तिच्यामागे अडतं आणि एकदा वरून गेलं की सगळं सपाट मैदान एका दमात भरतं.

ती भिंत म्हणजे तिवरं. कोपर्निकसची उंची रडारची आहे, २०११ ते २०१५ दरम्यान उपग्रहाला जे दिसलं त्याची. त्यात झाडाचा शेंडाही आला आणि इमारतीची गच्चीही. खाडीकाठचा तिवरांचा पट्टा त्यामुळे कित्येक मीटर उंचीच्या बांधासारखा दिसतो. खाडीपासून सेक्टरपर्यंत एक रेघ मारून प्रोफाइल काढ, शेजारी उपग्रहचित्र उघड. उंचवटा बरोब्बर हिरव्या पट्ट्यावर येईल. भरती काही तिवरांच्या शेंड्यांवरून येत नाही, बुंध्यांमधून येते.

आणि इमारतींचंही तेच. ज्या चौकोनात सात मजली सोसायटी उभी आहे त्याची उंची जमिनीची नाही, गच्ची आणि अंगण यांची खिचडी आहे. म्हणजे ज्या घरांची मोजदाद करायची तीच कृत्रिमरीत्या वर उचललेली. सगळ्यात आधी बुडतात ती मैदानं, तलाव आणि मोकळे प्लॉट.

नोडवासी
मग झाडं-इमारती काढून टाकलेला डीईएम घ्या ना. फॅबडेम आहे की, कोपर्निकसवरूनच केलेला.

जरीब
घ्या, त्याने बरंच सुधारतं. पण मग दुसरं टोक. आपल्याकडचा खरा बांध काही मीटर रुंद. ३० मीटरच्या चौकोनात तो विरघळून जातो. आधी खोटी भिंत होती, आता खरी भिंतही गेली आणि भरतीचं पाणी सरळ सेक्टरमध्ये. दोन्ही डीईएम चालवले तर दोन आकडे मिळतील आणि खरं उत्तर त्यांच्या मध्ये असेलच असंही नाही.

उघाडीवाला
पोरांनो, तुम्ही सगळे पाणी खाडीतून आत आणताय. माझं घर गावठाणात आहे, हे सेक्टर व्हायच्या आधी तिथे खाजणं होती. बांधाला उघाडी असायची. ओहोटीला पाणी बाहेर, भरतीला फळी आपोआप बंद. सिडकोने होल्डिंग पाँड केले त्यांच्या तोंडाशीही झडपाच आहेत, तत्त्व तेच. आमच्याकडे पाणी तुंबतं ते भांगाला नाही, उधाणाला. आणि नुसत्या उधाणाला नाही, उधाणात पाऊस धरून बसला की. झडप बंद, वरून पाऊस, पाणी जाणार कुठे? खाडीचं पाणी घरात शिरत नाही, आपलंच पाणी घरात थांबतं. त्यात तलावात गाळ आणि तिवरं. हे तुमच्या नकाशात कुठे आहे?

जरीब
काका, मी इकडेतिकडे फिरत होतो, तुम्ही नेमकं बोललात. त्याचा हिशेब मांडून बघू, आकडे समजा म्हणून धरा.

तलावाकडे एक चौरस किलोमीटरचं पाणी येतं. झडप तीन तास बंद आहे, तासाला ५० मिलीमीटर पाऊस. सगळीकडे काँक्रीट आहे, म्हणून जवळजवळ सगळंच वाहून येतं असं धरू. झाले दीड लाख घनमीटर. तलाव दहा हेक्टरचा, पाऊस सुरू होताना त्यात एक मीटर जागा रिकामी. त्यात एक लाख मावले. उरलेले पन्नास हजार आजूबाजूच्या सखल वीस हेक्टरवर पसरले तर २५ सेंटीमीटर पाणी. तोच तलाव गाळाने अर्धा भरलेला असेल तर त्याच भागात अर्धा मीटर.

म्हणजे पातळी भरती ठरवत नाही. भरती फक्त झडप किती वेळ बंद राहणार ते ठरवते, बाकी पाऊस आणि तलावातली रिकामी जागा. आणि आपल्याला हवंय उत्तर २५ की ५० सेंटीमीटर याचं, तर कोपर्निकसची जाहीर केलेली मर्यादा चार मीटर आहे, तीही दहातल्या नऊ ठिकाणांपुरती. सपाट जमिनीवर प्रत्यक्ष चूक बरीच कमी असते हे खरं, पण २५ सेंटीमीटर ओळखण्याइतकी कमी नाही.

नोडवासी
थांबा, मग चूक आकड्यातच दाखवा की! बुडलं किंवा नाही असं दोन रंगांत कशाला सांगायचं? समजा डीईएमची चूक दीड मीटरची आहे, म्हणजे प्रमाणित विचलन १.५. पाणी २.३ वर, घराच्या चौकोनाची उंची २.९. फरक ०.६, भागिले दीड, म्हणजे ०.४. नॉर्मल वक्रावरून ते घर बुडण्याची शक्यता साधारण ३४ टक्के. अशी शंभर घरं असतील तर ३४ मोजायची, शून्य नाही. सरळ `<=` लावलं तर हीच शंभर घरं कोरडी दिसतात. सगळ्या घरांच्या शक्यतांची बेरीज द्यायची, एवढं तर वॉर्डालाही समजावता येईल.

जरीब
हे मला पटतं. एकच तिढा आहे: शेजारच्या चौकोनांच्या चुका वेगवेगळ्या नसतात. एका सेक्टरमध्ये उंची मीटरभर जास्त आली तर ती बहुतेक सगळ्या सेक्टरभर जास्त येते. सरासरी ३४ बरोबर, पण प्रत्यक्षात दहा किंवा सत्तर निघाली तरी नवल नाही. त्यामुळे 'अपेक्षित ३४' असं लिहिलंत तर त्या शेजारी ही रुंद मर्यादाही लिहा. आणि हे सगळं भरतीच्या पातळीवर नको, काकांच्या पावसाच्या पातळीवर करा.

खाडीपलीकडचा
वाचलं सगळं. २.३ वर परत चालवलं, फॅबडेमवर. आकडा बराच उतरला. तरी एक सांगतो, सोसायटीच्या ग्रुपवर पहिला नकाशा टाकला तेव्हा पहिल्यांदाच लोकांनी विचारलं की आपल्या गटाराचं तोंड कुठे उघडतं. यालाही काही किंमत आहे की नाही?

जरीब
आहे. पण पुढच्या वर्षी पाणी आलं नाही की तेच लोक म्हणतील, तो नकाशेवाला उगाच घाबरवतो.

नोडवासी
असहमत. ठाणे-नवी मुंबईत घाबरवून कुणी काही केलं नाही, न घाबरवूनही नाही.

उघाडीवाला
आणि घरं मोजताय ती कशी? आमच्या गावठाणात नकाशावर एक चौकोन असतो, आत पाच-सहा कुटुंबं. शेजारच्या सेक्टरमध्ये एक चौकोन म्हणजे अठ्ठावीस फ्लॅट, त्यातले भिजणार फक्त खालचे चार. दोन्हींना एक-एक मोजलं तर गावठाणाचा हिस्सा आपोआप कमी होतो. वर आमच्यातल्या जुन्या घरांची जोती उंच होती, रस्ते वर आले तशी ती बुडाली.

क्यूजी_पोरगा
काका, जोत्याची उंची कुठल्याच मोफत डेटात नाही.

उघाडीवाला
टेप आहे ना? रविवारी या. गल्लीच्या तोंडाच्या गटाराच्या झाकणापासून प्रत्येक उंबरा किती वर ते मोजू. भिंतींवर पाण्याचे डाग अजून आहेत, कुठल्या वर्षीचा कोणता ते म्हाताऱ्यांना विचारू.

जरीब
येतो. डम्पी लेव्हल मिळते का बघतो, गल्ली लांब असेल तर टेपने उतार पकडता येत नाही. डाग आणि उंबरे एकाच शून्यावर आणले की मग त्या गल्लीपुरता डीईएम लागणारच नाही.

तळमजला
रो-हाउसकडेही येणार का? मला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.