शार्पनिंग पूर्ण चढवले की जुना खेळ नवा होतो काय?

धारदार: जुने ६४०×४८० चे खेळ ३८४०×२१६० च्या पडद्यावर लावताना एफएसआर हा चित्र मोठे करणारा फिल्टर सुरू करून शार्पनिंग पूर्ण चढवावे, चित्र नवेकोरे दिसते. इंटिजर स्केलिंग, म्हणजे चित्र दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींतच वाढवणे, हा काळ्या पट्ट्यांची हौस असलेल्यांचा उद्योग आहे.

ठिपकेवाला: 'हौस' हा शब्द वाचून राहवले नाही. एफएसआरची पहिली आवृत्ती चित्रातल्या कडा शोधून त्यांच्या दिशेने चित्र वाढवते, आणि येणाऱ्या चित्राच्या कडा आधीच मऊ केलेल्या असतील असे गृहीत धरते. २५६ रंगांच्या खेळात मात्र आकाशाची छटा बहुधा दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून साधलेली असते. त्या ठिपक्यांनाच कडा समजून फिल्टर त्यांच्या अळ्यांसारख्या रेघा करतो आणि शार्पनिंग त्या आणखी उठावदार करते. शार्पनिंग शून्यावर आणून आकाशाचा एकच कोपरा पाहा. तरीही रेघा दिसल्या, तर खोट मोठे करण्याच्या पद्धतीतच आहे.

धारदार: माझ्या शर्यतीच्या खेळात गाडीच्या कडा सुरेख दिसतात. अळ्या कुठे आहेत?

ठिपकेवाला: तो त्रिमितीय खेळ आहे, महाशय! तिथे फिल्टरची गरजच कमी. DgVoodoo सारख्या साधनाने खेळालाच मोठ्या रिझोल्यूशनवर चित्र काढायला लावा. मूळ मुद्दा हाताने रंगवलेल्या चित्रांचा आहे.

पूर्णांक: मग इंटिजर स्केलिंगच लावावे, विषय संपला.

ठिपकेवाला: संपला नाही. २१६० ला ४८० ने भागले की साडेचार येतात. चौपट केले तर २५६०×१९२० चे चित्र मिळते आणि चारही बाजूंना पट्ट्या राहतात. जबरदस्तीने साडेचारपट केले, तर काही पिक्सेल चार आणि काही पाच ठिपके रुंद होतात. संवादांतल्या अक्षरांचे दांडे कमीजास्त जाड दिसले की हेच घडले आहे असे समजावे. म्हणून मी शार्प-बायलिनियर लावतो. तो आधी चौपट करतो आणि उरलेले अंतर गुळगुळीत भरतो, त्यामुळे धूसरपणा पिक्सेलच्या सीमेपुरताच राहतो.

रुंदपट: माझ्या ३४४०×१४४० च्या पडद्यावर हाच खेळ बरोबर तिप्पट, म्हणजे १९२०×१४४० बसतो. पण दोन्ही बाजूंना ७६० पिक्सेल रिकामे राहतात. एवढा पैसा ओतून अंधार पाहायचा का? मी सरळ ताणतो.

पूर्णांक: ताणल्यावर चंद्राचे अंडे होते! रुंदी उंचीच्या जवळजवळ १.८ पट फुगते. मी तर ३२०×२०० चे खेळही मूळ १६:१० मध्येच ठेवतो.

ठिपकेवाला: इथे मात्र आपण स्वतःच चंद्र चेपत आहात. ते चित्र त्या काळच्या ४:३ पडद्यावर उभे ताणले जाई. आडवे पाचपट आणि उभे सहापट केले की १६००×१२०० हे बरोबर प्रमाण मिळते.

पूर्णांक: सगळ्याच चित्रकारांनी तो ताण लक्षात घेऊन वर्तुळे काढली होती काय? माझ्याकडच्या एका खेळात १६:१० मध्येच नाणी गोल दिसतात.

ठिपकेवाला: काही खेळांत तसे आहे, हे मान्य. त्यासाठी प्रत्येक खेळातले नाणे मोजत बसावे लागेल.

धारदार: शार्पनिंग शून्यावर आणून पाहिले. आकाशात अळ्या आहेत. आपण दाखवेपर्यंत मी सुखात होतो, त्याबद्दल आभार.

रुंदपट: मी तरीही ताणणारच.