जुना फोन गेला, व्हॉट्सॲप परत कसं आणायचं?

> «फोन चोरीला गेला. त्याच नंबरचं सिम नव्या अँड्रॉइडमध्ये टाकलं, पण व्हॉट्सॲप म्हणतं बॅकअप सापडला नाही. चॅट गेले का?»

बहुधा नाहीत. "नंतर बघू" म्हणून Skip तेवढं दाबू नका. तसेच पुढे गेलात आणि रात्री नवा, रिकामा बॅकअप झाला, तर तो जुन्यावर चढून बसतो.

बॅकअपला नंबर आणि गूगल खातं, दोन्ही जुनेच लागतात. माझ्या भावाचं नेमकं इथेच अडलं होतं. नव्या फोनवर त्याने ऑफिसचा जीमेल टाकला होता आणि बॅकअप होता घरच्या जीमेलवर. आधी दुसऱ्या कुठल्याही फोनवर जुन्या खात्याने ड्राइव्ह उघडून Backups मध्ये पाहिलं. तिथे व्हॉट्सॲपची नोंद तारखेसकट दिसली. मग नव्या फोनच्या सेटिंगमध्ये ते खातं जोडलं, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं, आणि या वेळी Restore आलं. ड्राइव्हमध्ये नोंदच नसेल, तर मात्र जुनी चॅट विसरा.

बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो आठवावाच लागेल, कंपनीलाही तो उघडता येत नाही.

आणि नव्या फोनवर व्हॉट्सॲपने सहा आकडी पिन मागितला तर? तो ओटीपी नव्हे, तुम्हीच कधीतरी ठेवलेला असतो. विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल, तर ७ दिवस थांबावं लागतं. चोराकडचं व्हॉट्सॲप मात्र तुमचा नंबर इथे नोंदला गेला की आपोआप लॉगआउट होतं.