निनावी शेरे झोंबले तेव्हा तुम्ही काय केलंत?

जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग बघते. नुकताच आमच्याकडे पहिल्यांदा ३६० डिग्री फीडबॅक झाला. साहेब, बरोबरीचे पाच आणि हाताखालचे सहा जण माझ्याबद्दल बोलले. आकडे बरे आहेत, पण एक वाक्य आठ दिवस डोक्यातून जात नाही : "मॅडमला फक्त साहेबांपुढे चमकायचंय." असे शेरे तुम्ही कसे पचवलेत? त्यातलं खरं कसं निवडलंत?

भुसावळहून : ताई, एकट्यानेच लिहिलेलं सरळ सोडून द्या. तिघांनी म्हटलं तरच ऐकायचं, असं मी ठरवूनच टाकलंय.

धुळ्याहून, २० वर्षं एचआरमध्ये : भुसावळच्या भाऊंचं अर्धं पटतं. पण कुणी अपमान किंवा छळाबद्दल लिहिलं असेल, तर तो एकच शेराही सोडायचा नाही. बाकीचे शेरे कागदावर काढून कापा आणि प्रत्येक चिठ्ठीला विचारा, यात घडलेली गोष्ट आहे की नुसता स्वभावावर शिक्का? आमच्या एका सुपरवायझरला "हेकेखोर" लागलं होतं. ती चिठ्ठी बाजूला ठेवली. उरलेल्यांत तीन होत्या : "आधीच ठरवून येतात, मग विचारतात", "मीटिंगमध्ये बोलू देत नाहीत", "शनिवारची ड्युटी शुक्रवारी रात्री कळते". शब्द वेगळे, दुखणं एकच. तिन्ही हाताखालच्यांच्या गटातून आलेल्या. त्या गटाने २.८ दिले होते, साहेबांनी ४.५, सरासरीत हे झाकलं गेलं होतं. मग त्या सुपरवायझरनी दर गुरुवारी चारपर्यंत ड्युटी लावायला सुरुवात केली आणि महिन्याने टीमलाच विचारलं, फरक पडला का?

अमळनेरहून : मी शिक्षक आहे. माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला, चौकशी लागली. तीन महिने जेवण गोड लागलं नाही. तेही असंच ना?

धुळ्याहून : नाही हो गुरुजी, ती तक्रार. तिथे लेखी उत्तर आणि पुरावा लागतो. तुमच्याशी वेगळं बोलू.

चाळीसगावहून : माझी चूक सांगतो. एका शेऱ्यात "आयकतच नही" असं होतं. आमच्या टीममध्ये अहिराणी लिहिणारा एकच. मी त्याला काही म्हणालो नाही, फक्त चहाला बोलवणं बंद केलं. पुढच्या वर्षी सगळ्यांनी "छान आहे" एवढंच लिहिलं. तेव्हापासून मला खरं कुणीच सांगत नाही, याचं अजून वाईट वाटतं.

धागा काढणारी : काल चिठ्ठ्या कापल्या. "चमकायचंय" हा माझ्या मनातला हेतू त्यांनी ठरवला, तो मला मान्य नाही. पण बरोबरीच्या दोघांनी लिहिलंय, "माल उशिरा झाला की आधी साहेबांना मेल जातो, आम्हाला नंतर कळतं." ते खरं आहे. मेल उघडून बघितले, गेल्या महिन्यात सहा वेळा मी तसंच केलंय. आता आधी फोन, मग मेल. मात्र सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हे मान्य करू की एकेकाला भेटून, ते अजून ठरत नाही.

भुसावळहून : एकेकाला भेटलात तर वाटेल, कुणी लिहिलं ते शोधताय.