टीम बदलून मागावी की कंपनीच सोडावी?

नळस्टॉपकर
खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीत बॅकएंडचं काम करतो. ४ वर्षं २ महिने झाले. पॅकेज १८ लाख, नोटीस ९० दिवसांची. आमच्या पेमेंट्स टीममधले दोघं सोडून गेले, तेव्हापासून दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल माझ्याकडे येतो आणि नवा मॅनेजर भरतीचं नाव काढत नाही. कंपनीबद्दल तशी तक्रार नाही. डेटा प्लॅटफॉर्म टीममध्ये एक जागा आयजेपीच्या, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत भरायच्या जागांच्या, पानावर आली आहे. बाहेरूनही फोन येतायत. आत अर्ज करू की सरळ बाहेर पडू? आत अर्ज केला आणि निवड झाली नाही, तर मॅनेजरसमोर उघडा पडेन ही मोठी भीती आहे.

वऱ्हाडी_देव
बाहेर पडा. आतल्या आत टीम बदलली की पगार तोच, बँड तोच, आणि वाढ मिळालीच तर पुढच्या एप्रिलमध्ये. बाहेर गेलात तर ३० टक्के सहज मिळतील. शिवाय जो मॅनेजर दोन माणसं गेल्यावर भरती करत नाही, त्याला वरून बजेट मिळत नसणार. म्हणजे दुखणं टीमचं नाही, कंपनीचंच आहे. तीच कंपनी उद्या डेटा टीमलाही माणसं देणार नाही.

सई_नाशिक
थांबा, ग्रॅच्युइटी विसरू नका! पाच वर्षं पूर्ण व्हायला दहाच महिने राहिलेत. १८ लाखांत बेसिक साधारण ६० हजार धरलं, तर ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे १ लाख ७३ हजारांच्या आसपास होतात, आणि त्यावर करही नाही. आत्ता राजीनामा दिलात तर नोटीस संपते ४ वर्षं ५ महिन्यांवर. सगळं पाण्यात. त्यापेक्षा टीम बदला, पाच वर्षं भरा, मग जायचं तर जा.

वऱ्हाडी_देव
सईताई, नवीन कायद्यात ग्रॅच्युइटी एका वर्षावर आणली आहे. पाच वर्षांची अट गेली. त्यामुळे हा मुद्दाच उरत नाही.

रेणुका_मा
देव, एका वर्षाची सवलत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आहे. यांच्यासारख्या कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षं अजून आहेतच. तेवढ्यापुरतं सईचं बरोबर. पण सई, तुमचा हिशोब अर्धाच झालाय. समजा हे आत्ता राजीनामा देतात आणि तीन महिन्यांनी नव्या कंपनीत रुजू होतात. पाच वर्षांसाठी थांबले तर त्यापुढचे सात महिने वाढीव पगार बुडतो. ३० टक्के वाढ म्हणजे महिन्याला ४५ हजार, सात महिन्यांचे ३ लाख १५ हजार. कर कापूनही ते ग्रॅच्युइटीपेक्षा जास्त राहतात. वाढ १५ टक्केच मिळाली तर मात्र सात महिन्यांचे १ लाख ५७ हजार, तेही कर कापायच्या आधी. तिथे थांबणं फायद्याचं. म्हणजे हातात ऑफर येईपर्यंत ग्रॅच्युइटीवरून काहीच ठरवता येत नाही. (नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलल्यामुळे ज्यांचं बेसिक कमी आहे त्यांची रक्कम वाढू शकते, तेव्हा आकडा पेरोलकडून लेखी घ्या.)

पण मूळ प्रश्न पैशांचा आहे असं मला त्यांच्या लिहिण्यावरून वाटत नाही. ते ऑन-कॉलने गांजलेत. त्यावर सविस्तर लिहिते, जरा वेळ द्या.

प्रकाश_लातूर
मी महावितरणात आहे. माझा अनुभव सांगतो. विनंती बदली मागितली की सेवाज्येष्ठतेचं काय होतं ते आधी लेखी विचारा, आणि मुलांच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत रुजू होण्याची मुदत मागून घ्या. घरभाड्याचा फरकही पडतो. गावाचा पर्याय देताना तीनही रकाने भरा, एकच भरला तर प्रशासन भलतीकडे टाकतं.

नळस्टॉपकर
प्रकाशकाका, धन्यवाद. माझ्याकडे गाव बदलत नाहीये, त्याच इमारतीत दुसरी टीम आहे. पण आधी लेखी विचारण्याचा मुद्दा घेतो.

रेणुका_मा
मी बरीच वर्षं इंजिनिअरिंग मॅनेजर आहे. माझ्या टीममधून माणसं आत गेली आहेत आणि दुसऱ्यांची माझ्याकडे आली आहेत. त्यावरून सांगते.

पहिलं काम म्हणजे आयजेपीचं धोरण उघडून एकच गोष्ट शोधणं: मॅनेजरला कुठल्या टप्प्यावर कळतं? काही कंपन्यांत अर्ज भरताच त्याच्याकडे मंजुरीचा मेल जातो. काही ठिकाणी निवड झाल्यावरच कळवतात. दुसरा प्रकार असेल तर तुमची भीती बरीचशी निराधार आहे, कारण निवड झाली नाही तर त्याला पत्ताही लागत नाही. पहिला प्रकार असेल, तर अर्ज न भरता आधी डेटा टीमच्या मॅनेजरला अर्धा तास मागा. "तुमच्या टीमचं काम समजून घ्यायचंय" एवढं पुरतं. त्या अर्ध्या तासात तुम्ही त्यांना हवे आहात की नाही हे बऱ्यापैकी कळतं. हवे असाल तरच अर्ज भरा, आणि भरण्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या मॅनेजरला तोंडाने सांगा. मेलवरून कळलेली गोष्ट मॅनेजरला लागते. मलाही लागली होती.

दुसरी गोष्ट रिलीजची. माणसं अडकतात ती इथे. निवड होते, सगळे अभिनंदन करतात आणि जुना मॅनेजर म्हणतो, "बदली माणूस मिळाला की सोडतो." तुमच्याकडे तर दोन जागा आधीच रिकाम्या आहेत, म्हणजे हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. निवडीचा मेल आला की त्याच साखळीत नवा मॅनेजर, जुना मॅनेजर आणि एचआर यांना ठेवून तारीख मागा. बहुतेक धोरणांत ३० ते ६० दिवसांची कमाल मर्यादा लिहिलेली असते. ती ओळ त्या मेलमध्ये तशीच्या तशी डकवा. तारखेशिवाय हो म्हणालात तर दोन्हीकडची कामं तुमच्याच गळ्यात पडतात.

तिसरी गोष्ट, तुमचं रेटिंग कोण लिहिणार? मूल्यमापनाचं वर्ष मार्चमध्ये संपत असेल आणि तुम्ही जानेवारीत टीम बदललीत, तर नवा मॅनेजर तुम्हाला तीन महिने ओळखतो आणि सुरक्षित म्हणून मधलं रेटिंग देतो. नऊ महिन्यांचं काम वाया जातं. जुन्या मॅनेजरचा लेखी अभिप्राय निघायच्या आधी सिस्टीममध्ये टाकून घ्या, किंवा एप्रिलची तारीख मागा.

मीरा_हिंजवडी
रेणुकाताईंचं प्रॉडक्ट कंपन्यांसाठी ठीक असेल, सर्व्हिस कंपनीत हे चालत नाही. मी क्लायंटला बिल होत होते. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये निवड झाली, कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते बघणाऱ्या आमच्या आरएमजीने हो म्हटलं, पण क्लायंटचा मॅनेजर म्हणाला, हिच्याशिवाय चालणार नाही. माझ्या जागी येणाऱ्याला केटी दिली, म्हणजे काम समजावून दिलं, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा तो माणूस दुसरीकडे हलवला. शेवटी तिकडची जागाच भरली गेली. तरी मी सोडलं नाही, कारण तेव्हा मला दिवस गेले होते. प्रसूती रजेच्या हक्कासाठी त्याच कंपनीत आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं, आणि नव्या ठिकाणी ते भरेल की नाही याचा धोका नको होता. तुमचं तसं नाही, पण घरात असं कुणी असेल तर हे बघावंच लागतं.

वऱ्हाडी_देव
मीराताईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला. आत मागायचं म्हणजे तीन जणांच्या होकाराची वाट बघायची. राजीनाम्याला कुणाचा होकार लागत नाही, ९० दिवसांनी तुम्ही मोकळे. आणि रेणुकाताई, एकदा "याला जायचंय" असा शिक्का बसला की पुढची बढती त्याला मिळत नाही. हे मी तीन कंपन्यांत पाहिलंय.

रेणुका_मा
शिक्का बसतो, हे मान्य. छोट्या मनाचा मॅनेजर असेल तर हमखास. म्हणूनच मी म्हणते की आतला अर्ज करतानाच बाहेरच्या मुलाखतीही चालू ठेवा आणि आतल्याला मुदत घाला. निवडीनंतर सहा आठवड्यांत रिलीजची तारीख लेखी आली नाही, तर बाहेरची ऑफर घ्या. मात्र ती ऑफर दाखवून टीम मागू नका. तसं केलंत की बोलणं पगारावर घसरतं, थोडे पैसे वाढवून मिळतात आणि ऑन-कॉल जिथल्या तिथे राहतो.

बजेटबद्दल देव यांचा तर्क मात्र तपासण्यासारखा आहे, आणि तो तपासता येतो. डेटा टीममध्ये गेल्या वर्षभरात किती जण आले, किती गेले? ही जागा नवीन आहे की कुणी सोडल्यामुळे रिकामी? सोडली असेल तर त्या माणसाशी बोला. आणि त्यांचा ऑन-कॉलचा तक्ता बघायला मागा, गेल्या महिन्यातल्या रात्रीच्या अलर्ट्ससकट. डेटाच्या टीममध्ये पेमेंट्ससारखी भर दुपारी आग लागत नाही, पण पहाटे तीनला बॅच जॉब पडतो आणि सकाळी नऊच्या आधी अहवाल हवा असतो. झोप तिथेही मोडू शकते.

सई_नाशिक
ग्रॅच्युइटीचा सात महिन्यांचा हिशोब पटला. पण एक राहतं. आईवडील कंपनीच्या गटविम्यात आहेत का? अनेक नव्या कंपन्या पालकांना घेत नाहीत, किंवा हप्ता पगारातून कापतात. बाहेरची ३० टक्के वाढ मोजताना तो खर्च वजा करा. आम्ही वडिलांची अँजिओप्लास्टी झाल्यावर हे शिकलो.

नळस्टॉपकर
दोन गोष्टी बघितल्या. आमच्या धोरणात १८ महिने त्याच भूमिकेत हवेत, ते झालेत. मॅनेजरला निवडीनंतरच कळवतात, पण रिलीजपुढे "व्यवसायाच्या गरजेनुसार" एवढंच लिहिलंय, दिवसांचा आकडाच नाही. डेटा टीमची जागा नवीन आहे, कुणी सोडलेली नाही. त्यांचा तक्ता आठ जणांचा आहे. आईवडील दोघेही गटविम्यात आहेत.

वऱ्हाडी_देव
नवीन जागा आहे, म्हणजे बजेट कुठेतरी आहे, एवढं मी मागे घेतो. पण "व्यवसायाच्या गरजेनुसार" म्हणजे तुमचा मॅनेजर हवं तितकं अडवू शकतो. पेमेंट्समध्ये तिघंच उरलेत. तो तुम्हाला का सोडेल?

रेणुका_मा
स्वतःहून सोडणार नाही. आकडा नसेल तर निर्णय त्याच्या वरच्याकडे जातो. दोन्ही टीमचा स्किप-लेव्हल एकच आहे का? एकच असेल तर त्याला समोर दोन पर्याय दिसतात: एक माणूस आत हलवायचा, की तोच माणूस बाहेर घालवायचा. अशा वेळी बहुतेक जण आत हलवतात. दोन वेगळे डायरेक्टर असतील, तर मात्र देव म्हणतात तो धोका खरा आहे, आणि मग मी सहा नाही, चारच आठवडे थांबेन.

नळस्टॉपकर
डायरेक्टर वेगळे आहेत.

मीरा_हिंजवडी
मग डेटा टीमच्या मॅनेजरला पहिल्याच भेटीत विचारा, आधी कुणाला पेमेंट्समधून किंवा त्या डायरेक्टरकडून घेतलंय का, आणि त्याला यायला किती दिवस लागले. ते उत्तर इथे टाका, मग बोलू.