शंभर पाहुण्यांमागे स्वयंसेवक आणि रक्षक किती असावेत?

नवखा_आयोजक: ६०० आसनांच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे. खाली ४०० आसने आहेत, वर बाल्कनीत २००. तिकिटांवर आसनक्रमांक आहेत आणि प्रेक्षक बहुतांशी वयस्कर आहेत. शंभरामागे किती माणसे धरावीत?

हिशेबी: अमेरिकेतल्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या संहितेत २५० माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक सांगितला आहे. म्हणजे तुम्हाला तीन पुरेत.

दारावरचा: तो आकडा बरोबर आहे, पण तो आणीबाणीत लोकांना बाहेर काढण्याच्या दृष्टीने ठरवलेला किमान आकडा आहे, तिकिटे तपासणे आणि आसने दाखवणे त्यात धरलेले नाही. प्रमाणापासून सुरुवात करण्याऐवजी नकाशा समोर घ्या आणि जिथे माणूस नसला तर अडेल, अशी प्रत्येक जागा मोजा.

समजा, ४०० जण शेवटच्या वीस मिनिटांत आले, म्हणजे मिनिटाला वीस. एका तिकिटाला सहा सेकंद लागले, तर एक तपासनीस मिनिटाला दहाच जणांना सोडतो. म्हणून दोन हवेतच, आणि चुकीच्या तारखेचे तिकीट घेऊन वाद घालणाऱ्याला बाजूला नेण्यासाठी तिसरा. खालच्या दोन दारांवर दोघे, आतल्या वाटांवर दोघे, बाल्कनीत दोघे, जिन्यावर एक, आणि आतून नजरेस न पडणाऱ्या दोन आपत्कालीन दारांवर दोघे, असे बारा झाले. बदलीला दोन धरा. रक्षक तीन: मुख्य दार, रंगमंचामागचे दार आणि एक फिरता. एकूण सतरा, म्हणजे शंभरामागे तिघांहून थोडे कमी.

गंमत म्हणजे २५० च लोक आले आणि बाल्कनी बंद ठेवली, तरी आपत्कालीन दारे तेवढीच राहतात. बाल्कनीचे दोघे, जिन्यावरचा, एक तपासनीस आणि एक बदली वगळूनही बारा उरतात, म्हणजे शंभरामागे जवळजवळ पाच. तुमच्या प्रेक्षकांना हात धरून आसनापर्यंत न्यावे लागेल, तेव्हा रक्षकांऐवजी आतल्या वाटांवर एखादा माणूस वाढवा.

मोकळे_मैदान: आमच्याकडे आसनेच नाहीत, सगळे उभे असतात, त्यामुळे आसने दाखवणाऱ्यांचा खर्च वाचतो, नाही का?

दारावरचा: तो वाचतो, पण तीच माणसे रंगमंचापुढच्या कठड्यापाशी लागतात. तिथे एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की गर्दी लाटेसारखी हलू लागते आणि कोणालाच स्वतःचे पाऊल आवरता येत नाही. तरुण, उभ्या, मद्य घेतलेल्या गर्दीला वरचा हिशेब लावू नका.

हिशेबी: मग रक्षकांच्या जागी दणकट स्वयंसेवक चालतील का? पैसे वाचतील.

दारावरचा: वाट दाखवायला चालतील. कोणाला अडवायचे किंवा बाहेर काढायचे असेल, तर प्रशिक्षित रक्षकच हवा.

नवखा_आयोजक: मध्यंतरात बाल्कनीतले २०० जण एकदम त्याच एका जिन्याने उतरतील. तिथे एकच माणूस पुरेल का?

दारावरचा: जिन्याची रुंदी किती आहे आणि स्वच्छतागृहाची रांग जिन्याच्या तोंडाशी येते का, ते कळवा.