साधे दोन स्पीकर की 2.1? आणि सबवूफरची पिन नारिंगीत की हिरव्यात?

टिळकवाडीकर
बाबांच्या कॉम्प्युटरला स्पीकर घ्यायचेत. ते भजनं, नाट्यगीतं ऐकतात, रात्री आम्ही सिनेमा बघतो. खोली लहान, खाली घरमालक. खडेबाजारातला दुकानदार म्हणतोय 2.1च घ्या, म्हणजे दोन स्पीकर आणि जाड आवाजाची सबवूफरची पेटी, साधे आता कोण घेत नाही. सीपीयूच्या मागं सहा रंगांची भोकं आहेत. सबवूफर नारिंगीत लावायचा काय? आणि मुळात घ्यावा काय?

निपाणीचा बास
घ्या की डोळे झाकून! साध्या स्पीकरात ढोलकी म्हणजे पत्र्याचा डबा. आणि नारिंगीतून सबवूफरच निघतोय, त्यात सबवूफर लावा, बाकीचे दोन हिरव्यात.

मास्तर, खानापूर
नारिंगीतून सबवूफरचा आवाज निघतो हे खरं, पण तो 5.1 सेटसाठी. त्या सेटला तीन पिना असतात: हिरव्यात पुढचे दोन, काळ्यात मागचे दोन, नारिंगीत मधला स्पीकर आणि सबवूफर. 2.1 ला कॉम्प्युटरकडं जाणारी पिन एकच. ती हिरव्यात घालायची आणि विषय संपला. जाड आवाज वेगळा काढायचं काम सबवूफरच्या पेटीतलं सर्किट करतं, कॉम्प्युटर नाही. तीच पिन नारिंगीत घातलीत आणि कॉम्प्युटर स्टिरिओवर असला, तर बहुतेक काहीच वाजणार नाही, आणि माणूस सेट खराब म्हणून दुकानात परत नेतो.

शहापूरची वहिनी
आमच्या सेटच्या मागं लाल आणि पांढरं भोक आहे. मग लाल पिन सीपीयूच्या गुलाबीत जाते काय? मी तसंच समजत होते.

मास्तर, खानापूर
नाही वहिनी. लाल म्हणजे उजवा, पांढरा म्हणजे डावा, आणि ते रंग स्पीकरच्या बाजूचे. वायरीच्या दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी एकच पिन असते, ती हिरव्यात. गुलाबी माइकचं. निळं बाहेरचा आवाज आत घ्यायला.

टिळकवाडीकर
मेहुण्याचा 2.1 आणून हिरव्यात लावून बघितला. गाणी झकास. पण सिनेमात पार्श्वसंगीत धडधड यायलंय आणि माणसं बोललेलं लांबून आल्यासारखं. सेटच बिघडलाय काय?

निपाणीचा बास
पिन अर्धवट बसली असणार. आत दाबा.

मास्तर, खानापूर
तेही होतं. पिन अर्धवट असली की कधीकधी दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज गळतो, म्हणजे नेमका गाणाऱ्याचा गळा जातो आणि वाद्यं पोकळ ऐकू येतात. पण मग गाण्यांतही तसं झालं असतं, आणि पिन हलवली की फरक पडला असता. यांची गाणी नीट आहेत. म्हणून माझा संशय सेटिंगवर. विंडोज 5.1 वर असेल तर सिनेमातले संवाद मधल्या स्पीकरकडं, म्हणजे तुमच्या रिकाम्या नारिंगीकडं जातात. रन उघडून `mmsys.cpl` टाका, Speakers निवडा, Configure दाबा आणि Stereo करा. तिथंच डावा-उजवा स्पीकर एकेक वाजवून बघता येतो. 2.1 असला तरी Stereoच.

टिळकवाडीकर
5.1 च होतं! आता बोलणं स्वच्छ.

निपाणीचा बास
बघा, 2.1 जिंकला.

मास्तर, खानापूर
सेटिंग जिंकलं, सेट नव्हे. बाबांसाठी माझं मत साध्या दोन चांगल्या स्पीकरांनाच. स्वस्त 2.1 मध्ये बाजूचे स्पीकर इवलेसे असतात, म्हणून पेटीला बऱ्याच वरपर्यंतचा आवाज उचलावा लागतो. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, पण पुरुषाचा आवाज त्याच्या वरच सुरू होतो. मग कुमार गंधर्वांच्या गळ्याचा खालचा भाग टेबलाखालून येतो. ते आपल्याच सुळेभावीत जन्मलेले, त्यांना तरी टेबलाखाली नको! शिवाय खोक्यावरचे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराचे फुगवलेले मोठे वॉट बघून भुलू नका, सलग मिळणारे आरएमएस वॉट विचारा.

निपाणीचा बास
आणि सिनेमाचं काय? साध्या दोनांत विमान म्हणजे डास. माझी पेटी कोपऱ्यात आहे, भिंत हलते.

मास्तर, खानापूर
कोपऱ्यामुळंच हलते, तिथं जाड आवाज फुगतो. भिंतीपासून पुढं, दोन स्पीकरांच्या मधोमध ओढा आणि मागचा बासचा नॉब अर्ध्यावर आणा.

निपाणीचा बास
मला फुगलेलाच आवडतो, मास्तर.

शहापूरची वहिनी
टिळकवाडीकर, खाली घरमालक म्हणालात ना? पेटीखाली जाड रबर घाला. आमच्याकडं वरचा पोरगा असलीच पेटी लावतो. रबरानं फरशीची थरथर कमी झाली, पण धबधब अजून यायलीच आहे.

टिळकवाडीकर
बाबांना दोन्ही ऐकवून ठरवतो. मेहुण्याची पेटी रविवारपर्यंत आहे.